शंभर चौरस मीटर कमी पडतात तेव्हा

१९८० च्या अखेरीस अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या स्मारकासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली. जागा वॉशिंग्टन शहरातली, मोठ्या हिरवळीची. अटी मोजक्याच होत्या. स्मारक शांतपणे विचार करायला लावणारं असावं, आजूबाजूच्या परिसराशी त्याचा मेळ असावा, युद्धात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या सगळ्या सैनिकांची नावं त्यावर असावीत आणि युद्ध बरोबर की चूक यावर त्याने काही बोलू नये. एकूण १४२१ प्रवेशिका आल्या. प्रवेशिकांवर स्पर्धकाचं नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता. आठ परीक्षकांनी त्यातून आधी २३२, मग ३९ आणि शेवटी एक निवडली. तिचा क्रमांक १०२६. ती येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या माया लिन या मुलीची होती.

लिनचं स्मारक म्हणजे जमिनीत उतरत जाणाऱ्या, एका कोनात मिळणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, आणि त्यांवर मृत्यूच्या क्रमाने कोरलेली नावं. एवढंच. अटींशी ताडून पाहिलं तर तिने काय केलं ते लगेच दिसतं. सगळी नावं हवीत ही अट एखाद्या फलकावर उरकून टाकता आली असती. लिनने नावांनाच स्मारक केलं. पुतळा नाही, शिखर नाही, त्यामुळे युद्धावर भाष्यही नाही. भिंती जमिनीच्या पातळीखाली, त्यामुळे हिरवळ मोडली नाही. चारही अटी एकाच कृतीत बसल्या. तिची चित्रं मऊ पेस्टल रंगांत काढलेली, जवळजवळ धूसर होती. म्हणून सोबतचं निवेदन महत्त्वाचं होतं. पुढे तिने लिहून ठेवलं आहे की स्मारकाची रचना सुचायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ हे निवेदन लिहायला लागला.

आपल्याकडे आर्किटेक्चरच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांना त्यातली प्रतिभा दिसते. मला त्यातला वेळेचा हिशोब जास्त मोलाचा वाटतो. आपल्या कामाचा कोणता भाग चित्रातून कळणार नाही हे लिनने ओळखलं आणि तिथे वेळ घातला. परीक्षकांच्या बाजूनेही एक हिशोब करून पाहा. १४२१ प्रवेशिकांना प्रत्येकी फक्त एक मिनिट द्यायचं ठरवलं तरी एका परीक्षकाचे जवळजवळ २४ तास जातात, म्हणजे आठ तासांचे तीन दिवस. तीन आठवडे खपून केलेल्या कामाकडे पहिल्या फेरीत मिनिट-दोन मिनिटंच पाहिलं जाणार, हे धरूनच कामाला बसावं लागतं.

ब्रीफ कसं वाचायचं आणि वेळ कसा वाटायचा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. ब्रीफ नीट वाचलं की वेळ कुठे द्यायचा ते त्यातूनच कळतं. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक ब्रीफ उलगडून पाहू. ते उदाहरणासाठी मी रचलेलं आहे, पण विद्यार्थ्यांच्या स्पर्धांची ब्रीफं साधारण अशीच असतात.

विषय असा. तालुक्याच्या गावात बसस्थानकालगत सार्वजनिक वाचनालय. जागा ३० मीटर बाय ४० मीटर, तिच्यावर दोन मोठी जुनी झाडं, ती ठेवायची. एकूण बांधकाम ६०० चौरस मीटरच्या आत. गरजा पुढीलप्रमाणे: ८० वाचकांची बैठक, पुस्तकांचं दालन, बालविभाग, पहाटेपासून उघडं राहील असं वृत्तपत्र वाचनाचं ठिकाण, १०० माणसांचं सभागृह जे स्वतंत्रपणे वापरता येईल, कार्यालय आणि स्वच्छतागृहं. द्यायचं काय, तर ए-१ आकाराचे दोन आडवे बोर्ड. त्यांवर १:२०० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणातले प्लॅन, किमान एक सेक्शन, एक दृश्य आणि ३०० शब्दांचं निवेदन. गुण असे: मूळ विचार ४०, उपयुक्तता २५, हवामान आणि बांधकाम २०, सादरीकरण १५. मुदत २१ दिवस. शंका विचारायची मुदत सातव्या दिवशी संपते.

बहुतेक गट हे एकदा वाचतात, 'वाचनालय' हा शब्द डोक्यात घेतात आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर कन्सेप्ट शोधायला बसतात. कोणी म्हणतं उघडलेलं पुस्तक, कोणी म्हणतं वटवृक्ष, कोणी म्हणतं ज्ञानाचा प्रकाश. या कल्पना ब्रीफमधून आलेल्या नसतात, शीर्षकावरून सुचलेल्या असतात. म्हणून त्या कोणत्याही गावातल्या कोणत्याही वाचनालयाला चालतात, आणि परीक्षकांच्या समोर एकाच दिवसात अशी दहा पुस्तकं उघडलेली येतात.

ब्रीफ वाचायला पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसावं. पहिल्या वाचनात फक्त ज्या अटी मोडल्या तर प्रवेशिका बाद होईल त्या वेगळ्या कराव्यात. बोर्डाचा आकार आणि संख्या, प्रमाण, फाइलचं वजन, नाव कुठेही न येणं, मुदतीची वेळ. नाव न येणं म्हणजे बोर्डावर न येणं एवढंच नाही. फाइलच्या नावात आणि तिच्या गुणधर्मांत 'लेखक' म्हणून संगणकाच्या मालकाचं नाव जातं, तेही काढावं लागतं. परदेशी स्पर्धेची मुदत ग्रीनिचच्या वेळेनुसार दुपारी बाराची असेल तर आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. या गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात आणि पुढचे तीन आठवडे त्यांचा विचार करू नये.

दुसरं वाचन बेरजेचं. एका वाचकाला टेबल, खुर्ची आणि मागून जायची वाट धरून सुमारे अडीच चौरस मीटर लागतात. ८० वाचकांचे २०० झाले. बालविभाग ६०, वृत्तपत्रांचं ठिकाण ५०, पुस्तकांचं दालन ८०, सभागृह ११०, कार्यालय ३०, स्वच्छतागृहं ३०. बेरीज ५६०. मर्यादा ६०० ची, म्हणजे बसलं, असं वाटतं. पण यात भिंती नाहीत, जिना नाही, व्हरांडा नाही, एका खोलीतून दुसरीत जायची वाट नाही. त्यासाठी निदान चौथाई भर घालावी लागते. ५६० चे ७०० होतात. म्हणजे शंभर चौरस मीटर कमी पडतात.

ही तूट म्हणजे स्पर्धेचा खरा प्रश्न आहे. ती दिसली नाही असे गट पुढे पंधराव्या दिवशी प्लॅनशी झगडत बसतात. बालविभाग कापतात, व्हरांडा काढतात, जिना अरुंद करतात आणि तरी ६४० खाली येत नाहीत. ज्यांना ती दुसऱ्याच दिवशी दिसली त्यांच्या हातात कन्सेप्टचं टोक आलेलं असतं. ब्रीफ लिहिणाऱ्याने ही अडचण मुद्दाम ठेवलेली असो वा नकळत राहिलेली असो, परीक्षक ती सोडवलेली आहे का हे पाहणारच.

आता गरजा पुन्हा वाचायच्या, पण या वेळी घड्याळ लावून. कोणती जागा किती वाजता वापरात असेल? वृत्तपत्रांचं ठिकाण पहाटे सहा ते दहा. बालविभाग शाळा सुटल्यावर. सभागृह आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, व्याख्यान किंवा सत्कार असेल तेव्हा. उरलेला सगळा वेळ ११० चौरस मीटरचं सभागृह कुलूप लावून पडणार. आणि वाचक कोण? महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयात सकाळी जाऊन पाहा. निम्म्या खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन बसलेली असतात. त्यांना अभ्यासिका हवी असते. ती दिवसभर भरलेली आणि सभागृह दिवसभर रिकामं.

दोन्ही एका जागी आणली तर? ८० पैकी ४० वाचकांची बैठक, म्हणजे १०० चौरस मीटर, दिवसा सभागृहात. ५६० मधून १०० गेले, राहिले ४६०. चौथाई भर घातली की ५७५. मर्यादेच्या आत, आणि २५ चौरस मीटर हाताशी शिल्लक. कन्सेप्ट एका वाक्यात सांगता येतो: दिवसा अभ्यासिका असलेलं आणि संध्याकाळी गावाचं होणारं सभागृह, दोन झाडांच्या मधल्या अंगणावर उघडणारं. यात 'उघडलेलं पुस्तक' नाही, पण या ब्रीफशिवाय दुसऱ्या कशातूनही ते आलं नसतं.

एक धोका आहे. ब्रीफमध्ये सभागृह 'स्वतंत्रपणे वापरता येईल' असं म्हटलंय. याचा अर्थ वाचनालय बंद झाल्यावर वेगळ्या दाराने आत जाता यावं असा असेल तर आपली कल्पना बसते. सभागृहाची जागा दुसऱ्या कशालाही वापरायची नाही असा असेल तर कोसळते. शंका विचारायची सोय असते ती अशा वेळेसाठी. मात्र सगळ्यांच्या शंका आणि उत्तरं बहुधा सगळ्या स्पर्धकांना कळवली जातात, म्हणून प्रश्न असा विचारायचा की उत्तर मिळेल पण कल्पना फुटणार नाही. 'सभागृहात दिवसा अभ्यासिका चालेल का' असं विचारलं तर सगळ्यांना वाट दाखवल्यासारखं होईल. 'स्वतंत्र वापर म्हणजे स्वतंत्र प्रवेश असं समजावं का' एवढं विचारलं की काम होतं. सातव्या दिवसाआधी उत्तर हवं असेल तर बेरीज तिसऱ्या दिवसापर्यंत झालेली असली पाहिजे. ब्रीफ लवकर वाचण्याचं हे साधं कारण आहे.

आता तास मोजू. तीन जणांचा गट. कॉलेज सांभाळून रोज संध्याकाळी तीन तास आणि रविवारी आठ तास असे कागदावर प्रत्येकाचे तीन आठवड्यांत ७८ तास होतात. प्रत्यक्षात ६० धरावेत. मधेच कॉलेजचं सबमिशन येतं, एखादा आजारी पडतो, घरी लग्न निघतं. तिघांचे मिळून १८० तास. आणि हे लक्षात असू द्या की तिघं बसून एक तास चर्चा करतात तेव्हा एक नव्हे, तीन तास खर्च होतात. कन्सेप्टच्या टप्प्यात गट गरीब होतात ते इथेच.

मी हे १८० असे वाटेन. वाचन, बेरजा आणि जागा पाहणं यांना २०. कन्सेप्टला ४५. प्लॅन, सेक्शन आणि बाकी ड्रॉइंगला ७०. बोर्डांना ३०. उरलेले १५ कशालाच नाही, ते राखीव. विद्यार्थी लगेच म्हणतात की विचाराला ४० गुण आहेत, मग त्याला चौथाईच वेळ का? कारण विचाराचे ४० गुण विचार सुचल्याबद्दल मिळत नाहीत, तो इमारतीत दिसल्याबद्दल मिळतात. ते ४० गुण ड्रॉइंगच्या ७० तासांतही मिळवले जात असतात. उपयुक्ततेचे आणि बांधकामाचे मिळून ४५ तर तिथेच आहेत. सादरीकरणाला गुण १५ च असले तरी ३० तास द्यायचे, कारण बोर्ड वाचता आला नाही तर बाकीच्या ८५ गुणांपर्यंत परीक्षक पोचतच नाही.

कन्सेप्ट आठव्या दिवशी रात्री बंद. ही तारीख आधीच ठरवावी लागते, कारण कन्सेप्ट 'पूर्ण झाला' असं कधीच वाटत नाही. बंद करण्याजोगा झालाय का, हे ओळखायच्या माझ्या तीन खुणा आहेत. गटातल्या तिघांनी वेगवेगळं बसून तो दोन वाक्यांत लिहिला तर तिन्ही कागदांवर एकच गोष्ट येते का? क्षेत्रफळाची बेरीज मर्यादेत बसते का? आणि तो एका सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेल्या चित्रात, काढता येतो का? तिसरी खूण सगळ्यात कडक आहे. आपल्या वाचनालयात सेक्शनमध्ये झाड, अंगण, सभागृहाचा उघडणारा दरवाजा आणि वरचा वाचनकक्ष दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर कल्पना अजून बोलण्यापुरतीच आहे. आठव्या दिवसानंतर कोणाला नवीन काही सुचलं तर एकच प्रश्न विचारायचा: खांब हलतात का? हलत नसतील तर घ्या. हलत असतील तर ती कल्पना कितीही चांगली असो, पुढच्या स्पर्धेसाठी ठेवा.

याच रात्री बोर्डाचं काम सुरू करायचं. ते शेवटच्या दोन दिवसांत करायची आपल्याकडची रीत मला सगळ्यात घातक वाटते. आठव्या दिवशी हातात एकही ड्रॉइंग नसतं, तरी दोन रिकामे बोर्ड आखता येतात, आणि ते आखल्याशिवाय कोणतं ड्रॉइंग किती मोठं काढायचं हेच ठरत नाही. गणित करून बघा. आपली जागा ३० बाय ४० मीटर. १:२०० प्रमाणात ती १५ बाय २० सेंटिमीटर होते. ए-१ बोर्ड ८४ बाय ५९ सेंटिमीटरचा. म्हणजे प्लॅन बोर्डाचा जेमतेम सहा टक्के भाग व्यापतो. ब्रीफमध्ये १:२०० लिहिलंय म्हणून सगळं त्याच प्रमाणात काढलं तर बोर्डावर चार टिकल्या दिसतील, आणि उरलेली जागा भरायला गट रात्रभर चित्रं आणि आकृत्या जमवत बसेल.

पण ब्रीफने 'किंवा त्याहून मोठ्या' असंही म्हटलंय. तळमजल्याचा प्लॅन १:१०० काढला तर ३० बाय ४० सेंटिमीटर, बोर्डाचा जवळजवळ चौथा हिस्सा. वरचा मजला १:२०० पुरेसा, तिथे सांगण्यासारखं कमी आहे. आणि सेक्शन १:५०. इमारत लांबीला २४ मीटर असेल तर तो ४८ सेंटिमीटर रुंद होतो, बोर्डाच्या अर्ध्याहून अधिक. १:२०० मध्ये उभा माणूस आठ मिलिमीटरचा असतो, १:५० मध्ये सव्वातीन सेंटिमीटरचा. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातातलं पुस्तक दिसतं, टेबल दिसतं, सभागृहाच्या घड्या घालून सरकवायच्या दरवाजाचा कप्पा दिसतो, दिवसा टेबलं आणि संध्याकाळी खुर्च्या कुठे जातात ते दिसतं. या एका सेक्शनमध्ये विचार, उपयोग, हवा-उजेड आणि बांधकाम या चारही गोष्टी आल्या. म्हणून पहिल्या बोर्डाचा मधला पट्टा त्याला. त्याखाली ३०० शब्दांतले पहिले ६०, जे शंभर चौरस मीटरची तूट आणि तिचं उत्तर सांगतात. तळमजल्याचा प्लॅन आणि वरचा मजला दुसऱ्या बोर्डावर.

दृश्य एकच मागितलंय. रेंडरमध्ये गट किती तास घालवतात हे पाहिलं की जीव हळहळतो. बारा तासांची मर्यादा घालावी. आपल्या उदाहरणात मी अंगणातून, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून एकच कोन घेईन आणि तोच दोनदा दाखवेन. दुपारी तीन, आत मुलं अभ्यासाला बसलेली. संध्याकाळी सात, दरवाजे बाजूला सरकवलेले, खुर्च्या अंगणापर्यंत आलेल्या, व्यासपीठावर दिवा. कोन तोच असल्यामुळे दुसऱ्या चित्राला फारसा वेळ लागत नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवली की कन्सेप्ट निवेदन न वाचताही कळतो. ब्रीफला 'एकच दृश्य' असं काटेकोरपणे हवं असेल तर दोन्ही वेळा एकाच चौकटीत, डावीकडे दुपार आणि उजवीकडे संध्याकाळ अशाही काढता येतात.

नवव्यापासून सोळाव्या दिवसापर्यंत ड्रॉइंग. क्रम असा, की ब्रीफमध्ये सक्तीने मागितलेलं आधी संपवायचं, मनाला आवडलेलं नंतर. बाराव्या दिवशी प्लॅनमध्ये खोल्यांच्या जागा अजून बदलत असतील तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. बहुधा कारण एकच असतं, बेरीज केलेली नसते किंवा केलेली विसरलेली असते. दुसरी खूण अशी की दृश्य बनवणारा एक जण आणि प्लॅन काढणारा दुसरा यांच्यात दोन दिवस बोलणं झालेलं नसतं. मग दृश्यात सहा खिडक्या आणि प्लॅनमध्ये चार. परीक्षकाला हे फार पटकन दिसतं, आणि एकदा दिसलं की बाकी ड्रॉइंगवरचाही विश्वास उडतो.

चौदाव्या दिवशी अर्धवट बोर्ड ए-४ कागदावर छापून घ्यावा. पाच रुपयांची ही छपाई कोणत्याही महागड्या प्लॉटपेक्षा जास्त शिकवते. ए-१ चा ए-४ करताना प्रत्येक लांबी एक तृतीयांशाच्या किंचित वर उरते. बोर्डावर २० पॉइंटचं अक्षर या कागदावर सात पॉइंटचं होतं, म्हणजे जेमतेम वाचता येतं. कागदावर जे अक्षर वाचता येत नाही ते बोर्डावर कोणी वाचणार नाही, असं धरून ते मोठं करा किंवा काढून टाका. मग तोच कागद हात लांब करून धरा आणि ज्याला स्पर्धेबद्दल काही माहीत नाही अशा माणसाला दाखवा. एका मिनिटानंतर कागद पालथा ठेवून विचारा, काय पाहिलंस? 'दिवसा अभ्यास करतात त्याच खोलीत संध्याकाळी कार्यक्रम होतो' अशा अर्थाचं उत्तर आलं तर बोर्ड चालतोय. 'छान हिरवं आहे' असं आलं तर सेक्शनला आणखी जागा द्यायला हवी आणि दृश्याला कमी. अजून सात दिवस हातात असतात, म्हणून हे चौदाव्या दिवशी करायचं. विसाव्या दिवशी कळून उपयोग नसतो.

सतरा ते वीस बोर्ड. इथे घोळ होतात ते यांत्रिक असतात. प्लॅन बोर्डावर बसवताना कोपरा धरून ओढला की तो १:१०० चा राहत नाही, पण खाली १:१०० लिहिलेलंच राहतं. म्हणून आकड्यासोबत मोजपट्टी काढावी, ती प्लॅनबरोबरच लहानमोठी होते. उत्तर दिशेचा बाण विसरतो, आणि हवामानाला २० गुण असलेल्या स्पर्धेत ते महागात पडतं, कारण ऊन कुठून येतं हेच कळत नाही. फाइल वजनात बसवण्यासाठी अख्खा बोर्ड जेपीजी करून दाबला की दृश्य बरं दिसतं पण प्लॅनच्या बारीक रेषा पुसट होतात. फक्त दृश्यं दाबावीत, रेषा रेषाच ठेवाव्यात. विसाव्या दिवशी संध्याकाळी फाइल पाठवून टाकावी. एकविसावा दिवस राखीव.

ही वाटणी सगळ्या स्पर्धांना लागू होत नाही. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या मार्गदर्शक तत्त्वांत एका टप्प्याच्या आणि दोन टप्प्यांच्या स्पर्धा वेगळ्या मानल्या आहेत. दोन टप्प्यांच्या स्पर्धेत पहिल्यांदा मुद्दाम कमी मागितलेलं असतं, तिथे ड्रॉइंगचे तास कमी करून कन्सेप्टला द्यायला हरकत नाही. कोणी सिडनीच्या ऑपेरा हाउसचं उदाहरण देतं. १९५७ साली २३३ प्रवेशिकांतून योर्न उटझॉन या डॅनिश वास्तुकाराची प्रवेशिका निवडली गेली, तेव्हा त्याची ड्रॉइंगं अगदी साधी, आकृतीवजा असल्याचं परीक्षकांनी स्वतः नोंदवलं होतं. हे खरं आहे. पण ती छपरं बांधायची कशी हे कळायला नंतर काही वर्षं गेली, ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि इमारत उघडली ती १९७३ मध्ये. तिथे परीक्षकांनी तो धोका पत्करला. जिथे बांधकामाला २० गुण छापलेले आहेत तिथे परीक्षकाला तो पत्करायची मोकळीक नसते. ब्रीफमध्ये गुणांची वाटणी दिलेली असते ती यासाठीच, आणि ती दिलेली नसेल तर शंकांच्या मुदतीत पहिला प्रश्न तोच विचारावा.

स्पर्धा भरवणाऱ्या कॉलेजांना, नगरपालिकांना आणि संस्थांना एक विनंती. पहिल्या फेरीत मिनिटभर पाहायचं असेल तर सहा बोर्ड मागू नका, दोन पुरेत. गुणांची वाटणी ब्रीफमध्येच छापा. शंकांची उत्तरं निदान दहाव्या दिवसाच्या आत द्या, आणि निकालासोबत परीक्षकांचं लेखी मत सगळ्या स्पर्धकांना पाठवा, न जिंकलेल्यांनाही.